सफाईचा रकाना

आमच्या सोसायटीत गणपतीच्या कामांची यादी फिरायची तेव्हा ती कशी भरत जाते, हे मी बरीच वर्षं बघत आले. श्रावणातल्या एखाद्या रविवारी संध्याकाळी गच्चीवर बैठक व्हायची. फुलस्केपवर चार रकाने आखलेले असायचे : सजावट, पूजा-आरती, प्रसाद, सफाई. कागद हातोहात पुढे सरकायचा. सजावटीच्या रकान्यात नावं मावायची नाहीत, मग समासात लिहिली जायची. आरतीखाली घरटी एक नाव यायचं. प्रसादाखाली बायकांची नावं बायकांनीच लिहिलेली असायची, काही वेळा नवऱ्यांनी. आणि सफाईचा रकाना कोराच घेऊन कागद सेक्रेटरींकडे परत यायचा. ते म्हणायचे, "सफाई काय, सगळे मिळून करू." सगळे माना डोलवायचे.

त्या 'सगळे मिळून'चं काय होतं, ते मला २०२३ साली कळलं. त्या वर्षी १९ सप्टेंबरला, मंगळवारी, गणपती बसले आणि २४ तारखेच्या रविवारी महाप्रसाद होता. जेवणं छान झाली. शेवटची पंगत साडेदहाला उठली. वाढणारे तेव्हा कुठे जेवायला बसले, अकराला उठले आणि उठल्यावर कुणाच्या अंगात काही उरलं नव्हतं. उष्ट्या पत्रावळी कोपऱ्यात रचून ठेवल्या, सकाळी बघू म्हणून सगळे वर गेले. रात्री पाऊस आला. पत्रावळींचा ढीग भिजून पसरला, कुत्र्यांनी उरलेलं अंगणभर ओढलं. सोमवारी सकाळी सातच्या आरतीला मी खाली उतरले तर मांडवासमोर आंबूस वास भरला होता. आमचे वॉचमन आणि सी विंगमधल्या दोन आजी, एकीचं वय सत्तरच्या पुढे, खराटे घेऊन झाडत होत्या. त्यांनी कुणाला हाक मारली नव्हती. मी त्यांच्या हातातला खराटा घेतला, पण काम तोवर जवळपास झालं होतं.

पुढच्या वर्षी बैठकीत मी म्हटलं की यादी मी करते. मी तेव्हा नुकतीच निवृत्त झाले होते, वेळ होता. आणि त्या सकाळी जे वाटलं होतं, ते मनातून गेलं नव्हतं.

आमची सोसायटी डोंबिवली पूर्वेला. तीन विंग, छप्पन्न घरं. डोंबिवलीत राहणाऱ्याला सांगायला नको, पण इतरांसाठी सांगते : इथला कमावता माणूस सकाळी साडेसात-आठच्या लोकलने जातो आणि रात्री आठ-साडेआठच्या आत क्वचितच घरी येतो. म्हणजे ज्यांची नावं यादीत सगळ्यात वर असतात, ती माणसं दिवसाचे बारा-तेरा तास डोंबिवलीत नसतात. शिवाय आमच्याकडे कोकणातली घरं पुष्कळ. ती चतुर्थीच्या आधी दोन दिवस गावाला जातात आणि गौरीचं विसर्जन करूनच परततात. उरलेल्यांपैकी काहींच्या घरी दीड दिवसाचा गणपती, काहींच्या घरी गौरी. यादीत साठ नावं दिसली तरी एखाद्या दुपारी प्रत्यक्षात चार माणसं हाताशी असतात.

पहिल्या वर्षी, २०२४ मध्ये, हे माझ्या ध्यानात पुरतं आलं नाही. मी नावं दिवसांप्रमाणे वाटली : सोमवार ए विंग, मंगळवार बी विंग, बुधवार सी विंग. दिसायला न्याय्य. पण विंगेला दिवस दिला की तो कुणाचाच होत नाही. एका दुपारी अडीचच्या सुमाराला वारा सुटला, समईजवळचा पडदा ज्योतीवर आला. समोरून जाणाऱ्या कुरिअरवाल्याने पाहिलं आणि पाण्याची बाटली ओतली. तळहाताएवढा पडदा जळाला, एवढंच. पण मातीच्या मूर्तीपासून ते अंतर दोन हातांचं होतं. त्या दुपारी बी विंगची पाळी होती. मी चौकशी केली तर एका वहिनींना वाटलेलं, शेजारचे काका खाली आहेत. काकांना वाटलेलं, वहिनी आहेत. दोघांचंही खोटं नव्हतं. चूक माझ्या कागदाची होती.

म्हणून गेल्या वर्षी, २०२५ ला, मी नावांपासून सुरुवातच केली नाही. कॅलेंडर घेतलं. २७ ऑगस्ट, बुधवार, गणेश चतुर्थी. ६ सप्टेंबर, शनिवार, अनंत चतुर्दशी. मधे ३१ ऑगस्टला, रविवारी, गौरी येणार, सोमवारी त्यांचं पूजन, मंगळवारी २ तारखेला विसर्जन. मग एक वही घेऊन घरोघर गेले आणि प्रत्येक घरी दोनच प्रश्न विचारले. गावाला कधी जाणार, कधी येणार? आणि रोज किती ते किती घरात असता? 'काय काम कराल' हा प्रश्न मुद्दाम विचारला नाही. तो विचारला की सगळे सजावट म्हणतात.

वहीत जे आलं ते पाहून मी थोडी घाबरले. सतरा घरं २५ ऑगस्टपासून ३ सप्टेंबरपर्यंत कुलूपबंद असणार होती. नऊ घरी गौरी, म्हणजे त्या घरांतल्या बायका ३० ते २ कुठल्याच कामाला मोकळ्या नव्हत्या आणि त्यांना मोकळं धरणं हा अन्याय झाला असता. आणि उत्सवातला एकुलता एक रविवार नेमका गौरी आवाहनाचा. आमचा महाप्रसाद दरवर्षी रविवारी. तो ठेवला असता तर स्वयंपाकघरातल्या सगळ्यात जाणत्या बायका स्वतःच्या घरी गौरीची पावलं काढत असत्या आणि आम्ही खाली पुऱ्या लाटायला माणसं शोधत असतो. म्हणून मी महाप्रसाद गुरुवारी, ४ सप्टेंबरला संध्याकाळी ठेवावा असं सुचवलं. कामाचा दिवस म्हणून कुरकुर झाली. पण तोवर गौरी गेलेल्या असणार, कोकणातली घरं परतलेली असणार. वहीतली पानं दाखवल्यावर सगळ्यांनी मानलं.

त्याच पानांवरून आणखी एक गोष्ट आपोआप ठरली. पहिले सात दिवस इथे राहिलेल्यांनी सांभाळायचे आणि शेवटचे तीन-चार दिवस गावाहून आलेल्यांनी. महाप्रसादाची सफाई, विसर्जनाची तयारी, मखर उतरवणं, सगळं त्यांच्याकडे. गावाला जाणाऱ्यांना दरवर्षी एक संकोच असतो, की सोसायटीच्या गणपतीला आपण काही केलं नाही. मी त्यांच्याकडे ही विभागणी घेऊन गेले तेव्हा कुणी नाही म्हटलं नाही. एक काका तर म्हणाले, "ताई, हे आधीच सांगितलं असतं तर इतकी वर्षं आल्या आल्या तोंड चुकवत फिरलो नसतो."

आता पाळ्या. मांडवात मूर्ती बसल्यापासून उठेपर्यंत तिथे माणूस हवं, दिवसाही आणि रात्रीही. चोवीस तासांच्या तीन-तीन तासांच्या आठ पाळ्या होतात, सकाळी सातपासून. प्रत्येक पाळीला दोघं. दिवसाला सोळा नावं, दहा दिवसांत एकशे साठ. हा आकडा बैठकीत सांगितला तेव्हा शांतता पसरली. मग मी दुसरा आकडा सांगितला : येणारी माणसं बासष्ट आहेत, म्हणजे कुणाच्या वाट्याला दोन पाळ्या, कुणाच्या तीन. दहा दिवसांत जास्तीत जास्त नऊ तास. लोकांना काम नको असतं असं मला वाटत नाही. काम कुठे संपतं ते दिसत नाही, म्हणून ते हात आखडतात. नऊ तास म्हटल्यावर ज्यांनी कधी नाव दिलं नव्हतं, अशा आठ जणांनी दिलं.

दोघांपैकी एका नावाखाली मी रेघ मारली. तो त्या पाळीचा मुख्य. त्याच्याकडे किल्ल्यांचा जुडगा : दानपेटीची नाही, ती खजिनदारांकडेच, पण सामानाच्या कपाटाची, मेन स्विचच्या पेटीची आणि पाण्याच्या खोलीची. नियम एकच होता. पुढचा मुख्य येऊन जुडगा हातात घेईपर्यंत आधीच्याने मांडव सोडायचा नाही. मग तो अर्धा तास उशिरा येवो. वस्तू हातात असली की 'मला वाटलं तुम्ही आहात' हे वाक्यच संपतं. जुडगा देताना तीन गोष्टी बघायच्या : समईत तेल किती, पडदे बांधलेले आहेत का, आणि ताडपत्रीला पोट आलंय का.

ताडपत्रीबद्दल सांगायला हवं, कारण रात्रपाळी खरं तर तिच्यासाठीच असते. चोर वगैरे आमच्याकडे कधी आला नाही. पण भाद्रपदातला पाऊस. मांडवावरची ताडपत्री दोन बांबूंच्या मधे किंचित सैल असली की तिथे पाणी साठतं, साठलेल्या वजनाने ती आणखी झोळते, आणखी पाणी धरते. एक पोट भरलं की बादल्यांनी मोजावं इतकं पाणी असतं आणि ते फुटलं तर खाली शाडूची मूर्ती आहे. बांबूच्या टोकाला जुनी चिंधी गुंडाळून खालून हळूच वर ढकलायचं, पाणी कडेने ओघळवायचं. चिंधी नसेल तर बांबूचं टोक ताडपत्री फाडतं. हे जोराच्या पावसात दर अर्ध्या तासाला करावं लागतं, म्हणून झोपलेला पहारेकरी उपयोगाचा नाही.

रात्रीच्या तीन पाळ्या : दहा ते एक, एक ते चार, चार ते सात. दहा ते एक सगळ्यांना हवी असते. पत्ते, चहा, गप्पा. लाऊडस्पीकर दहाला बंद, त्यामुळे गप्पाही हळू आवाजात आणि त्या जास्त रंगतात. चार ते सातची मला काळजी होती, पण ती सगळ्यात सोपी निघाली. आमच्याकडे पाच आजी-आजोबा रोज पहाटे चारला जागे असतात आणि घरच्यांची झोपमोड नको म्हणून अंथरुणात पडून राहतात. त्यांना विचारल्यावर त्यांचे चेहरे उजळले. ते खाली येऊन बसू लागले. आजी सडा घालून रांगोळी काढायच्या, एक आजोबा दूर्वा निवडायचे. तीन किंवा पाच पात्यांची कोवळी दूर्वा, एकवीसची जुडी. सातच्या पूजेला सगळं तबकात तयार असायचं आणि त्यांच्या घरचे म्हणायचे की बाबा इतके खूश बऱ्याच वर्षांत दिसले नाहीत.

अवघड ती एक ते चार. सकाळची लोकल गाठायची असेल त्याला ती देता येत नाही. ती मी कॉलेजच्या मुलांना, शिफ्टमध्ये काम करणाऱ्या दोघांना आणि ज्यांची दुसऱ्या दिवशी सुट्टी आहे त्यांना दिली, आणि एकाच माणसाला ती दोनदा येणार नाही हे पाहिलं. माझा मुलगा एका रात्री होता. त्या रात्री पाऊस लागून राहिला होता. सकाळी तो वर आला तेव्हा खांद्यापर्यंत भिजलेला होता आणि मूर्तीच्या पाटावर पाण्याचा थेंब नव्हता.

पूजेच्या यादीबद्दल मी सगळ्यात जास्त विचार केला. रोज सकाळची पूजा आणि आरतीचं तबक एकेका घराकडे असतं. पूर्वी बोर्डावर नावं लागायची : अमुक दिवशी अमुक दांपत्य. २०२४ मध्ये एका सकाळी सहाला मला फोन आला. एक नवीन लग्न झालेली मुलगी, अगदी हळू आवाजात, "काकू, आज आमच्याऐवजी कुणी..." पुढे ती बोलली नाही. मी म्हटलं, होईल, तू काळजी करू नकोस. मी दुसऱ्या घराला सांगितलं आणि बोर्डावरचं नाव खोडून नवं लिहिलं. आरतीला कुणीतरी सगळ्यांसमोर विचारलं, "यांचं का खोडलं?" ती मुलगी मागे उभी होती. तिचा चेहरा मी विसरलेले नाही. मासिक पाळीच्या दिवसांत पूजा करावी की नाही, याबद्दल माझं मत वेगळं आहे, पण ते तिच्यावर लादायचा मला हक्क नाही. तिने जे ठरवलं ते चार लोकांत चर्चेला आणायचा तर कुणालाच नाही. कारण कधी सुतक असतं, कधी सोयर, कधी घरातलं आजारपण, कधी नवरा-बायकोचं भांडण.

म्हणून गेल्या वर्षी बोर्डावर पूजेसाठी नाव किंवा घराचा नंबर काहीच लागला नाही. यादी माझ्या वहीत. रोजच्या पूजेला एक घर आणि एक राखीव घर. राखीव घराने सकाळी आंघोळ करून तयार राहायचं, साडेसहापर्यंत निरोप आला तर खाली यायचं, नाही आला तर आरतीला सगळ्यांसारखं यायचं. निरोप फक्त "आज तुम्ही" एवढाच. मला कुणी कारण सांगायचं नाही, मी कुणाला विचारायचं नाही. दहा दिवसांत तीनदा राखीव घर बोलावलं गेलं. कुणासाठी, हे त्या तिघांशिवाय आणि माझ्याशिवाय आजही कुणाला माहीत नाही.

एका घराला ऐन उत्सवात सुतक आलं. गावी मोठे काका गेले. त्या घरातले भाऊ रात्रपाळीत होते. ते माझ्याकडे आले आणि म्हणाले, "मांडवात येणार नाही मी, पण घरात बसवत नाही. बाहेरचं काही द्या." मी त्यांना खुर्च्यांचं काम दिलं. संध्याकाळी साडेआठच्या आरतीआधी अंगणात खुर्च्या मांडायच्या, आरतीनंतर उचलायच्या. ते आरतीच्या वेळी गेटपाशी उभे राहायचे आणि सगळे गेले की येऊन खुर्च्या एकात एक घालून भिंतीला लावायचे. एक दिवसही चुकले नाहीत.

सजावटीचं थोडक्यात सांगते, कारण तिथे माणसं कमी पडत नाहीत, जास्त होतात. आदल्या रात्री पंचवीस जण मांडवात आले की सहा जण काम करतात आणि एकोणीस जण सुचवतात. कापण्या-चिकटवण्याचं सगळं काम मी आधीच्या तीन रविवारी मुलांकडे दिलं. थर्माकोलवर राज्यात २०१८ पासून बंदी आहे, म्हणून पुठ्ठा आणि कागदाचं मखर. आदल्या रात्री मांडवात फक्त आठ नावं, त्यांतला एक वायरमन. कागदाच्या मखरात दिव्यांची माळ कशी फिरवायची हे त्याच्यावर सोपवलं, इतरांनी प्लगला हात लावायचा नाही.

आणि महाप्रसाद. २०२३ ची ती सकाळ मी बऱ्याच वेळा मनात उलटून पाहिली होती. लोक आळशी होते म्हणून ते घडलं असं मी वर्षभर समजत होते. ते खरं नव्हतं. वाढणारे आणि आवरणारे तेच होते, आणि ते सगळ्यांच्या शेवटी जेवत होते. चार तास वाकून वाढलेला माणूस रात्री अकराला पोटभर जेवल्यावर अंगण धुऊ शकत नाही. त्याच्याकडून ती अपेक्षा करणंच चूक. सफाईला माणसं नाहीत असं आम्ही म्हणायचो, पण खरा प्रश्न ती माणसं कधी जेवतात हा होता.

दोनशे दहा माणसं धरली. अंगणात सत्तर पानं बसतात, म्हणजे तीन पंगती. बसणं, वाढणं, जेवणं, उठणं आणि पुढची पानं मांडणं यात पाऊण तास जातो. त्या दिवशी आरती सातला घेतली आणि पहिली पंगत साडेसातला. वाढप्यांच्या दोन तुकड्या, सफाईची एक. पहिल्या पंगतीला मुलं आणि वयस्कर मंडळी बसतातच. त्यांच्याबरोबर सफाईचे बाराही जण बसवले. त्यांना आग्रह करून वाढा, असं मी वाढप्यांना सांगून ठेवलं होतं. सव्वाआठच्या पंगतीला गाडीने येणारे नोकरदार बसले, आणि तेच नऊच्या पंगतीला वाढायला उभे राहिले. पहिल्या दोन पंगतींना ज्यांनी वाढलं, ते तिसऱ्या पंगतीला जेवले. म्हणजे सगळ्यात शेवटी जेवणाऱ्याला जेवल्यावर कुठलंच काम नव्हतं आणि सगळ्यात शेवटी काम करणाऱ्याला जेवून दीड-दोन तास झाले होते.

स्वयंपाक आचाऱ्यांचा होता, पण हाताखालची कामं आमची. पंधरा किलो तांदळाचा मसालेभात, वीस-एकवीस किलो कणकेच्या पुऱ्या, पंचवीस किलो बटाटे. दुपारी तीनला सहा जणी उकडलेले बटाटे सोलायला बसल्या, सगळ्या गौरी झालेल्या घरांतल्या. दोन दिवस आधी त्यांना हे काम दिलं असतं तर मलाच लाज वाटली असती. त्या दिवशी त्या मोकळ्या होत्या, ओव्या म्हणत सोलत होत्या.

सफाईच्या बारा जणांना मी कामाचा क्रम लिहून दिला होता, कारण तो चुकला की काम दुप्पट होतं. पंगत उठली की आधी पानातलं उरलंसुरलं बादलीत. मग पत्रावळी एकात एक घालून वेगळ्या पिंपात, म्हणजे दहा पत्रावळी दोनचीच जागा घेतात. ग्लास तिसऱ्या पिंपात. त्यानंतर जमिनीवर लाकडाचा भुसा टाकायचा, मठ्ठा आणि तेल त्यात शोषलं जातं, मग झाडायचं. पाणी सगळ्यात शेवटी, आणि जिलबीचा पाक सांडला असेल तिथे गरम पाणी. आधीच पाणी मारलं तर पाक पातळ होऊन अंगणभर पसरतो आणि पहाटे मुंग्यांची रांग थेट नैवेद्याच्या ताटापर्यंत जाते. हे मला कुठल्याही बैठकीत कळलं नाही. त्या दोन आजींनी सांगितलं. मी त्यांच्याकडे मुद्दाम जाऊन विचारलं होतं, की त्या सकाळी तुम्ही काय कसं केलंत.

प्रत्येक पंगतीनंतर इतकं आवरत गेल्यावर शेवटी उरलं होतं ते फक्त धुणं. पावणेदहाला तिसरी पंगत उठली आणि साडेदहाला अंगण ओलं, स्वच्छ आणि रिकामं होतं. सफाईचे बारा जण कोकणातून आदल्याच दिवशी आलेले, त्यांच्यातल्या एकाने घरून आणलेल्या काजूच्या वड्या वाटल्या. सी विंगच्या त्या आजी खाली उतरल्या. मला वाटलं, काही राहिलं की काय. त्यांनी अंगणावरून एक नजर फिरवली, पिंपांची झाकणं लागली आहेत का पाहिलं आणि "झोपते आता" म्हणून वर गेल्या.

निर्माल्य राहिलंच. रोजच्या पूजेआधी कालची फुलं, दूर्वा, पत्री उतरवली जाते. ती तशीच पिंपात गेली तर दोरा आणि जरीही त्यात जाते आणि खत होत नाही. सात ते दहाच्या पाळीतल्या दुसऱ्या माणसाचं, म्हणजे ज्याच्या नावाखाली रेघ नाही त्याचं, हे काम होतं : हार सोडवायचे, दोरा वेगळा, फुलं मागच्या बागेतल्या खड्ड्यात, वर मूठभर माती. रोज एक बादली भरायची. वीस मिनिटांचं काम, पण ते पुढच्या पाळीवर ढकललं की दहाव्या दिवशी दहा बादल्या कुजलेल्या मिळतात.

यादीतली शेवटची ओळ मी सगळ्यात उशिरा लिहिली. शनिवारी संध्याकाळी उत्तरपूजा झाली की मूर्ती जागेवरून हलवतात आणि सगळी सोसायटी मिरवणुकीबरोबर महापालिकेच्या कृत्रिम तलावाकडे जाते. लहान मुलंसुद्धा. पण पाट रिकामा ठेवून सगळ्यांनी जायचं नसतं. समई तेवत असते, तिथे कुणीतरी थांबायला हवं. विसर्जनाहून परत येताना मूठभर माती आणतात, ती पाटावर ठेवून पुन्हा आरती होते, तोवर. चार ते दहा, दोन नावं. ही पाळी मी कुणाला देऊ शकले नाही. ज्या माणसाने दहा दिवस राबून शेवटची मिरवणूक चुकवायची, त्याला ते कागदावर लिहून कसं सांगणार? मी स्वतःचं नाव लिहिलं. दुसऱ्या नावाची जागा तशीच सोडली.

पाचच्या सुमाराला ढोल-ताशाचा आवाज कोपऱ्यावरून वळून लांब गेला. अंगणात गुलाल आणि चुरगळलेली फुलं होती. मी पाटासमोर खुर्ची घेऊन बसले, जुडगा मांडीवर. थोड्या वेळाने गेटमधून खुर्च्यांचं काम करणारे ते भाऊ आले. त्यांचं सुतक फिटायला अजून दोन दिवस होते. ते मांडवाच्या बाहेर, तोरणाच्या अलीकडे, एक खुर्ची टाकून बसले. म्हणाले, "दुसरं नाव कोरं दिसलं बोर्डावर."

आम्ही फार बोललो नाही. एकदा सर आली तेव्हा मी बांबू घेऊन उठले आणि त्यांनी बाहेरूनच सांगितलं, डावीकडे जरा, अजून डावीकडे. पाणी कडेने ओघळलं. मी समईत तेल घातलं. नऊ वाजून गेल्यावर लांबून मुलांचे बसलेले आवाज ऐकू यायला लागले, मग चपला वाजल्या, आणि सगळ्यांच्या पुढे धावत येणाऱ्या एका लहान मुलीच्या ओंजळीत ओली माती होती.